फुफ्फुसं, बीपी आणि तो कोरडा खोकला: मागची गोष्ट

फुफ्फुसं श्वासाशिवाय काय करतात यातलं गाळणीचं काम सगळ्यात जुनं माहीत आहे. पायाच्या शिरांतून येणाऱ्या बारीक गुठळ्या तिथल्या केशवाहिन्यांत अडकतात आणि बहुतेक विरघळून जातात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र नीट बुजलं नसेल (साधारण चारातल्या एकाचं नसतं) तर गुठळी ही गाळणी चुकवून थेट मेंदूत जाऊ शकते, हे १८७७ मध्येच शवविच्छेदनावरून मांडलं गेलं होतं.

खरी गंमत अँजिओटेन्सिनची. १९५६ मध्ये घोड्याच्या प्लाझ्मात एसीई नावाचं एक एन्झाइम सापडलं, ते अँजिओटेन्सिन वनचं टू करतं, आणि टू म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं. मग सगळ्यांनी धरून चाललं की हे काम रक्तातच होतं. पण रक्तात हे फार सावकाश होतं, शरीरात मात्र बीपी लगेच चढतं, हिशोब जुळत नव्हता. १९६७ च्या सुमारास कुत्र्याचं वाहतं रक्त उंदराच्या आतड्याच्या पट्टीवरून सोडून बघितलं. टू आलं की ती पट्टी आखडते. वन शिरेत टोचलं, म्हणजे फुफ्फुसातून जाऊन आलं, तर पट्टी जास्त आखडायची, थेट महाधमनीत दिलं तर कमी. म्हणजे बदल फुफ्फुसातून जाताना होतोय.

इथून पुस्तकांत 'एसीई फुफ्फुसात असतं' असं छापलं गेलं आणि अजून परीक्षेत तेच लिहितात, जे माझ्या मते अर्धंच खरं आहे. एन्झाइम असतं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, आणि ते अस्तर सगळ्या शरीरात आहे. फुफ्फुसात ते प्रचंड पसरलेलं, शिवाय शरीरभर फिरणारं जवळजवळ सगळं रक्त तिथूनच जातं, म्हणून तिथे जास्त होतं एवढंच. २००२ मध्ये तर असे उंदीर तयार केले की त्यांच्या अस्तरावर, म्हणजे फुफ्फुसातही, हे एन्झाइम नाही, फक्त लिव्हरमध्ये बनतं, आणि त्यांचं बीपी नॉर्मल निघालं! मग फुफ्फुसाशिवाय चालतच नाही असं कसं म्हणायचं?

हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं रसायन, तेही तोडतं, हे नंतर कळलं. ब्राझीलच्या जराराका सापाचं विष ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतं हे १९६५ लाच दिसलं होतं, मग तेच विष एसीई बंद पाडतं हेही दिसलं, आणि त्या धाग्यावरून एसीई बंद पाडणारं बीपीचं औषध कॅप्टोप्रिल आलं, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर. पण एन्झाइम बंद केलं की ब्रॅडिकायनिन साचतं. म्हणून रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा त्याच जातीच्या गोळ्या घेणाऱ्या साधारण दहातल्या एकाला घशात गुदगुल्या होऊन कोरडा खोकला लागतो, एक्सरे साफ, कफ नाही, सिरपने फरक नाही, आणि गोळी बंद केल्यावर सहसा एक ते चार आठवड्यांत जातो. (पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला सांगा.) आपल्याकडे अशा पेशंटला मग बहुतेक वेळा टेल्मिसार्टन देतात, ते एन्झाइमला हात न लावता टूला त्याच्या रिसेप्टरवर बसू देत नाही, ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं तुटत राहतं.