बोट हिरवं पडलं की कान खाजतोय? दोन्हीचं कारण वेगळं आहे

आमच्याकडे तक्रार म्हणून परत येणारे दागिने बहुतेक दोनच कारणांनी येतात. अंगठीखाली बोट हिरवं पडलं, नाहीतर कानातलं घातलं की खाज सुटते आणि पाणी येतं. दोन्ही वेळी ग्राहक म्हणतात की आम्हाला ॲलर्जी आहे. पण हिरव्या डागाचा ॲलर्जीशी जवळपास काहीच संबंध नसतो, आणि खाज येते त्या कानावर बऱ्याचदा हिरवं काहीच दिसत नाही. हे दोन वेगळे केले की पुढचा दागिना निवडणं खूप सोपं होतं, म्हणून हे पत्रक.

आधी हिरवं

हिरवं येतं ते तांब्यामुळे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ९२५ च्या चांदीतही ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबंच असतं, १४ कॅरेट सोन्यातही बऱ्यापैकी असतं. घामातलं मीठ आणि आम्ल या तांब्याला लागलं की हिरवट क्षार तयार होतात आणि ते कातडीवर बसतात, बस एवढंच. साबणाने धुतलं की डाग जातो, नाहीतर एकदोन दिवसात आपोआप फिका होतो. ज्यांना घाम जास्त येतो किंवा जे अंगठी न काढता क्रीम लावतात, सॅनिटायझर वापरतात, त्यांना लवकर दिसतो, आणि तीच अंगठी दुसऱ्याच्या बोटात महिनोनमहिने काहीच करत नाही. चांदीने कधी कधी काळपट रेघ येते, ती गंधकामुळे, तीही धुऊन जाते.

तांब्याची खरी ॲलर्जी असते, पण फार थोड्या लोकांना. त्यामुळे डाग आहे पण खाज नाही, पुरळ नाही, कातडी सोलत नाही, तर घाबरायचं काहीच नाही. अंगठी रात्री काढून ठेवा, आतून कोरडी पुसा.

अंगठीखाली लाल आणि खडबडीत झालंय पण हिरवं नाही, अशीही एक केस असते. त्यात धातूचा दोष नसू शकतो, अंगठीखाली साबण आणि पाणी अडकून राहतं आणि तिथली कातडी दिवसभर ओली राहून खराब होते. आठवडाभर हात धुताना अंगठी काढून बघा, नंतर बोट कोरडं करून मगच घाला. बरं वाटलं तर उत्तर मिळालं.

आता खाज, म्हणजे बहुतेक वेळा निकेल

इथे एका ताईंची केस सांगतो कारण त्यात जवळपास सगळं येतं.

त्यांच्याकडे पितळेवर सोन्याचं प्लेटिंग केलेले टॉप्स होते. चारेक महिने रोज घातले, काही झालं नाही. मग कानाच्या मागच्या बाजूला खाज सुरू झाली, पुढे कानाची पाळी सुजली, बारीक पुरळ आले, पाणी यायला लागलं. त्यांना खात्री होती की शॅम्पू बदलला त्याचंच आहे, कारण "टॉप्सने व्हायचं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं ना". आणि टॉप्स समोरून एकदम छान दिसत होते, कुठे रंग गेलेला नाही.

आम्ही भिंगाखाली मागची दांडी बघितली. फिरकी जिथे बसते बरोबर तिथे सोनेरी रंग घासून गेला होता आणि खाली पांढरी चकचकीत पट्टी दिसत होती. ताई म्हणाल्या, म्हणजे आत चांदी आहे, मग तर चांगलंच. तर नाही. पितळेवर थेट सोनं चढवलं की तांबं हळूहळू वर सरकतं आणि सोनं काळपट पडतं, म्हणून मध्ये निकेलचा एक थर देतात, तो स्वस्त असतो आणि चमकही छान देतो. ती पांढरी पट्टी म्हणजे तो थर. चार महिने सोन्याने तो झाकून ठेवला होता, घासून उघडा पडला आणि घामातून निकेल थेट भोकातल्या कातडीत जायला लागलं.

मग टेस्ट केली. डायमिथाइलग्लायऑक्झाइम नावाच्या रसायनाचं छोटं किट मिळतं, कापसाच्या काडीवर त्याचे थेंब घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. टॉप्सच्या समोरच्या भागावर कापूस पांढराच राहिला, दांडीवर गुलाबी झाला आणि फिरकीवर तर गडद गुलाबी. फिरकी हा भाग कोणी बघतच नाही, ती बऱ्याचदा वेगळ्या ठिकाणाहून घाऊक आलेली असते, वेगळ्या धातूची असते आणि तिच्यावरचं प्लेटिंग सगळ्यात पातळ असतं. खाज मागून सुरू झाली त्याचं कारण तेच.

शॅम्पूवर संशय गेला त्यालाही कारण आहे. निकेलची ॲलर्जी लगेच दिसत नाही, धातू लागल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी पुरळ येतं, म्हणून लोक त्या दिवशी काय नवीन वापरलं ते शोधत बसतात. शिवाय शरीराला एकदा निकेलची ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर राहते. ताईंना विचारलं तेव्हा आठवलं की जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळही मध्ये मध्ये खाजायचं. ही खूण लक्षात ठेवा: कानातलं, जीन्सचं बटण, बेल्टचं बक्कल, घड्याळाचा पट्टा, यातल्या दोन ठिकाणी त्रास असेल तर निकेलचाच संशय घ्या. पक्कं उत्तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने देतात, पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एकदोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण ही ॲलर्जी उशिराच येते. आमचं किट धातूबद्दल सांगतं, तुमच्या कातडीबद्दल नाही.

किटची एक मर्यादाही आहे. ते फक्त वरचा पृष्ठभाग बघतं. प्लेटिंग नवं आणि अखंड असेल तर खाली निकेल असूनही कापूस पांढराच राहणार. म्हणून नव्या दागिन्यावर टेस्ट पास झाली याचा अर्थ सहा महिन्यांनीही पास होईल असा नाही. आणि लोहचुंबक लावून बघणाऱ्यांसाठी, तो प्रकार इथे चालत नाही, निकेल असलेलं चांगलं स्टील चुंबकाला चिकटतच नाही.

ताईंचे टॉप्स फेकायची गरज पडली नाही. जुनी दांडी कापून टायटॅनियमची बसवली. टायटॅनियम आपल्या नेहमीच्या टॉर्चने सोल्डर होत नाही, म्हणून छोटी चकती असलेली दांडी दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवली आणि एक दिवस पूर्ण सुकू दिली. फिरकीऐवजी सिलिकॉनचा स्टॉपर दिला. कान पूर्ण बरा होईपर्यंत मात्र काहीच घालू नका असं सांगितलं, कारण चिडलेल्या कातडीला चांगला धातूही टोचतो, आणि निकेल काढून टाकल्यावरही पुरळ बसायला दोनतीन आठवडे लागू शकतात. पू येत असेल, कान गरम लागत असेल किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग, तेव्हा आमच्याकडे नाही, डॉक्टरकडे जा.

मग घ्यायचं काय

ज्यांना निकेलचा त्रास पक्का आहे त्यांनी कानासाठी टायटॅनियम किंवा नायोबियम घ्यावं. शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी जो टायटॅनियमचा दर्जा ठरवलेला आहे, एएसटीएम एफ१३६, तोच कानाच्या दांडीसाठी मागा. त्यावर निळा, जांभळा, सोनेरी असे रंग येतात ते प्लेटिंग नसतं, धातूच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे तो उतरला तरी खाली टायटॅनियमच निघतं. प्लॅटिनम छान, पण महाग. पिवळं सोनं १८ कॅरेट आणि वर सहसा त्रास देत नाही. पांढऱ्या सोन्याचं मात्र विचारूनच घ्या, ते पांढरं करायला निकेल घालतात किंवा पॅलेडियम, आणि वरून ऱ्होडियम चढवतात, ते ऱ्होडियम घासलं की आतलं काय आहे ते तुमच्या कातडीला कळतं. ९२५ चांदी बहुतेकांना चालते, बोट हिरवं-काळं करेल फारतर.

सर्जिकल स्टीलबद्दल गैरसमज फार आहे. ३१६ एल स्टीलमध्ये साधारण १० ते १४ टक्के निकेल असतंच, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि बाहेर फार कमी सुटतं. महत्त्वाचं तेच आहे, आत किती आहे यापेक्षा बाहेर किती सुटतं. युरोपातला नियमही त्यावरच आहे, भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटायला हवं, आणि कातडीला जास्त वेळ लागून राहणाऱ्या बाकी दागिन्यांसाठी ही मर्यादा ०.५ आहे. म्हणून बहुतेकांना ३१६ एल चालतं, पण ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांना किंवा नवीन टोचलेल्या कानाला आम्ही ते देत नाही.

प्लेटिंगचंच हवं असेल, आणि डिझाइन बघता बऱ्याचदा तेच हवं असतं, तर "हायपोॲलर्जेनिक" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. खाली मूळ धातू कोणता, मधला थर कशाचा आणि वरचं सोनं किती मायक्रॉन, हे तीन प्रश्न विचारा. मध्ये निकेलऐवजी पॅलेडियम किंवा पांढरं ब्राँझ देता येतं, महाग पडतं पण होतं. जाडीत फार फरक असतो, नुसता रंग दिल्यासारखं फ्लॅश प्लेटिंग ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतं, अर्धा मायक्रॉन म्हणजे नेहमीचं, आणि चांदीवर २.५ मायक्रॉन सोनं असेल तर ते व्हर्मेल. कानातल्याला अर्धा मायक्रॉन बरेच दिवस पुरतो, पण अंगठी दिवसभर घासली जाते, तळहाताच्या बाजूने आधी उतरते, तिथे एवढं पातळ प्लेटिंग घेण्यात आमच्या मते अर्थ नाही.

आतून पारदर्शक नेलपेंट लावायचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला असतो. हिरव्या डागासाठी काही दिवस चालतो. निकेलसाठी त्यावर विसंबू नका, बारीक चीर पडली की संपलं, आणि कानाच्या दांडीवर तर लावूच नका.

जुना दागिना पुन्हा प्लेटिंगला देणार असाल, आमच्याकडे किंवा दुसरीकडे कुठेही, तर देतानाच "मध्ये निकेल नको" असं पावतीवर लिहून घ्या. प्लेटिंगवाल्याची नेहमीची पद्धत निकेलचीच असते आणि जुना निकेलचा थर खाली तसाच ठेवून वर नवं सोनं चढवलं तर दिसायला एकदम नवीन होतं, पण खाज काही महिन्यांनी परत येते, त्यामुळे जुना थर काढून मगच नवीन द्यायला सांगा.