चौथी गोळी लिहिण्याआधी

टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम, अॅम्लोडिपिन १०, क्लोरथॅलिडोन २५. वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी तीन औषधं, त्यातलं एक लघवीवाटे मीठ बाहेर काढणारं, तिन्ही पुरेशा डोसात. एवढं घेऊनही बीपी खाली येत नसेल तर त्याला दाद न देणारा, म्हणजे रेझिस्टंट रक्तदाब म्हणतात. अशा वेळी चौथी गोळी लिहायला अर्धं मिनिट पुरतं, आणि बहुतेक वेळा घाई तिथेच होते.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचं नाही, नेहमी दिसणाऱ्या अनेक रुग्णांचे तुकडे जोडून केलेलं आहे. छप्पन्न वर्षांच्या काकू, तालुक्याच्या गावी शिलाईचं दुकान, रोज एसटीने पाऊण तास प्रवास. वरचीच तीन औषधं चालू. दवाखान्यात बीपी १६८/९८, रक्तातलं पोटॅशियम ३.४, म्हणजे किंचित कमी.

पहिला संशय यंत्रावर घ्यायचा. काकूंच्या दंडाचा घेर ३६ सेंटीमीटर आणि गुंडाळलेला पट्टा नेहमीचा, जो साधारण ३२ सेंटीमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे नीट मोजलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त आला, आणि अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांमध्ये तब्बल १९.५ ने. त्यात जिना चढून आल्याआल्या, हात लोंबकळत, सुनेबद्दल बोलता बोलता मोजलं की आणखी भर पडते. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं गप्प बसवून, हात छातीच्या पातळीला टेकवून मोजल्यावर काकूंचं बीपी १५८/९४ भरलं. दवाखान्यातल्या धास्तीचा भाग वेगळा काढायला घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजायचं, पहिला दिवस सोडायचा आणि बाकीच्यांची सरासरी घ्यायची. ती आली १५२. धास्तीचा भाग थोडा होता, पण बीपी खरंच जास्त होतं.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. “औषधं नियमित घेता ना?” या प्रश्नाला उत्तर एकच मिळतं, “हो.” म्हणून प्रश्न बदलावा लागतो: “गेल्या आठवड्यात कुठली गोळी किती वेळा राहिली?” मग काकू सांगतात, “लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी नाही घेत हो. एसटी मध्ये कुठे थांबणार?” आठवड्यातले सहा दिवस प्रवासाचेच. बीपी आटोक्यात न येणाऱ्या रुग्णांच्या लघवीत औषधांचे अंश शोधले गेले, तेव्हा काही पाहण्यांत जवळपास निम्म्यांनी गोळ्या अर्धवट घेतल्या होत्या किंवा घेतल्याच नव्हत्या. आपल्याकडे ही तपासणी सहज होत नाही, पण खुणा असतात. नाडी मंदावणारं अॅटेनोलॉल रोज घेतो म्हणणाऱ्याची नाडी ९२ असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. रागवून काही साधत नाही. क्लोरथॅलिडोनचा असर दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे ती गोळी दुपारी दुकानात पोचल्यावर घेतली तरी चालते. काकूंची अडचण एवढ्यानेच सुटली.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोष्टींचीही चौकशी हवी. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि बीपीच्या औषधांचं काम बिघडवते. घशासाठी रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध तर शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला, मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखं वागायला लावतं. बीपी वाढतं, पोटॅशियम घसरतं. काकूंकडे डायक्लोफेनॅक निघाली, ज्येष्ठमध नाही. गोळी बंद केली, लोणचं-पापड कमी केलं. महिन्याभराने घरची सरासरी १४६. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही.

चौथ्या औषधाची वेळ आता आली. ते कोणतं असावं याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर २०१५ साली ब्रिटनमधल्या पाथवे-२ चाचणीने दिलं. तीन औषधांवर असलेल्या प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने बारा-बारा आठवडे स्पायरोनोलॅक्टोन, बायसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. स्पायरोनोलॅक्टोनने घरचा वरचा आकडा दिखाऊ गोळीपेक्षा ८.७ ने जास्त उतरला आणि बाकी दोन्ही औषधं मागे पडली. कारण असं की या रुग्णांमध्ये मूळ दुखणं बहुधा साठलेल्या मिठाचं असतं. अल्डोस्टेरॉन हे अॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक मूत्रपिंडाकडून मीठ परत ओढून घेतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन नेमकं त्याचीच वाट अडवतं.

पण गोळी सुरू करण्याआधी रक्ताची एक नळी घ्यायला हवी, आणि हीच पायरी सर्रास गाळली जाते. अशा हट्टी रक्तदाबाच्या साधारण पाचांतल्या एकात अॅड्रिनल ग्रंथी स्वतःच्या मर्जीने जादा अल्डोस्टेरॉन ओतत असते. मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार मांडला, म्हणून त्याला कॉन सिंड्रोम हे नाव. पोटॅशियम कमी असणं ही त्याची खूण खरी, पण बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच असतं, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर निश्चिंत होता येत नाही. पोटॅशियम घटवणारी लघवीची गोळी काकू आठवड्यातून एकदाच घेत होत्या, शिवाय टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं. तरीही ३.४? हा आकडा खटकायलाच हवा होता.

रक्तात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र मोजतात. रेनिन हा अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारा मूत्रपिंडाचा इशारा; ग्रंथी स्वतःच्या मर्जीने ओतत असेल तर तो दबलेला असतो. आधी पोटॅशियम भरून काढायचं, कारण ते कमी असताना अल्डोस्टेरॉनही खोटं कमी दिसतं. डायक्लोफेनॅक रेनिन दाबते, तीही आधीच थांबलेली हवी. स्पायरोनोलॅक्टोन एकदा सुरू झालं की हिशोब बिघडतो आणि स्पष्ट उत्तरासाठी ते निदान चार आठवडे बंद ठेवावं लागू शकतं. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन दोन्ही रेनिन वाढवणारी औषधं. ती चालू असूनही काकूंचं रेनिन तळाला आणि अल्डोस्टेरॉन २२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. संशय पक्का. पुढे सलाइन देऊन केलेल्या चाचणीतही अल्डोस्टेरॉन उतरलं नाही.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीवर एक सेंटीमीटरची गाठ दिसली. मोह होतो की काढून टाका. पण या वयात निरुपद्रवी गाठी पुष्कळांना असतात. म्हणून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन पाहतात. हे किचकट काम मोजक्याच मोठ्या केंद्रांत होतं. एकाच बाजूचा दोष निघाला तर ती ग्रंथी दुर्बिणीतून काढता येते. काकूंच्या दोन्ही ग्रंथी सारख्याच जोमाने ओतत होत्या, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न मिटला आणि उपाय ठरला स्पायरोनोलॅक्टोन, २५ मिलिग्रॅम.

सोबत टेल्मिसार्टन असल्यामुळे आता धोका उलट बाजूने, पोटॅशियम चढण्याचा. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो आणखी मोठा. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत आणि पुन्हा महिन्याने रक्त तपासायचं. पुरुषांत स्तन दुखणं किंवा वाढणं हा त्रास होऊ शकतो, तेव्हा एप्लेरेनोन किंवा अॅमिलोराइड देता येतं. काकूंचं घरचं बीपी दोन महिन्यांत १२८ वर आलं, पण महिन्याच्या तपासणीत पोटॅशियम ५.४ निघालं होतं. चौकशीत कळलं, मुलाने बीपीसाठी चांगलं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. ते बंद करून नेहमीचंच मीठ, पण कमी, वापरायला सांगितलं. आठवड्याने आकडा ४.७. स्पायरोनोलॅक्टोनचा डोस बदलावा लागला नाही.