तारीख चुकली, दावा गेला: मग नवा टाकायचा का?

‘गैरहजेरीत दावा काढून टाकला तरी घाबरायचं नाही, तोच दावा नव्याने टाकता येतो, असं सगळे सांगतात. खरं का?’

त्या दिवशी प्रतिवादीही गैरहजर असेल, तरच. मुदत शिल्लक हवी, कोर्ट फीही पुन्हा भरावी लागते. पण प्रतिवादी हजर होता आणि त्याने दावा नाकारलेला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. म्हणून आधी कोर्टाचा त्या तारखेचा रोजनामा काढा आणि कोण हजर होतं ते वाचा.

नवा दावा बंद असला, तरी जुना पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. मुदत दावा काढून टाकल्यापासून ३० दिवस, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. ८ जुलैला दावा गेला, तर ७ ऑगस्टपर्यंत. उशीर झाला, तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो.

आता पुरावा. समजा, वादी अंबरनाथचा, कोर्ट फोर्टातलं, आणि सकाळी ताप. महिन्याने आणलेल्या ‘विश्रांतीची गरज होती’ छाप दाखल्यावर समोरचा वकील तुटून पडतो. त्यापेक्षा त्याच तारखेचा ओपीडीचा केसपेपर, औषधाचं बिल आणि सकाळी वकिलाला पाठवलेला मेसेज प्रतिज्ञापत्रासोबत जोडा. कोर्ट त्या एका दिवसाचं कारण तपासतं. पण आधीच्या चार तारखाही चुकल्या असतील, तर तेही प्रतिवादी दाखवतोच. त्याला नोटीस दिल्याशिवाय दावा पूर्ववत होत नाही, खर्चही बसू शकतो. अर्ज फेटाळला, तर त्या हुकमावर अपील आहे.