दोन भाषांतला रजेचा अर्ज छापून घेताना : रजेची नावे आणि तारखांच्या ओळी

आमच्या छापखान्यात रजेच्या अर्जांची पॅडे वर्षभर छापली जातात. बहुतेक कार्यालये वर इंग्रजी आणि खाली मराठी अशी मांडणी मागतात. इंग्रजी मजकूर तयार असतो, मराठी मात्र कोणीतरी घाईत केलेला असतो. छपाईची चूक प्रूफात सापडते. चुकीचा शब्द तसा सापडत नाही, कारण तो वाचायला अगदी बरोबर दिसतो आणि पगार निघाल्यावर कळतो. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी आपण हे पत्रक वाचावे आणि आपल्या पगार लिहिणाऱ्या सहकाऱ्यालाही दाखवावे.

सगळ्यात आधी एक फरक. रजा मागावी लागते आणि मंजूर व्हावी लागते. सुट्टी सगळ्यांना असते, ती मागावी लागत नाही. बोलताना आपण ‘मी सुट्टीवर आहे’ असे सहज म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही. पण अर्जावर हे दोन शब्द वेगळेच राहिले पाहिजेत, कारण एकाच अर्जात दोन्ही येतात : रजा शनिवारपासून, त्याच्या आदल्या दिवशी १ मेची सुट्टी. जिथे दोन्हींना ‘सुट्टी’ म्हटलेले असते, तिथे दिवस मोजणाऱ्याला कशातून काय वजा करायचे ते कळत नाही.

आता रजेच्या प्रकारांकडे येऊ. शब्द शब्दकोशातून घेऊ नका, आपल्या नियमपत्रकातून घ्या. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, अनर्जित, असाधारण ही नावे तिथली आणि तिथे प्रत्येकाचा हिशेब ठरलेला आहे. खाजगी दुकानाला किंवा लहान कंपनीला त्यातली निम्मी नावे लागतच नाहीत. तरीही सरकारी नमुन्यावरून उतरवलेला अर्ज आमच्याकडे येतो आणि त्यात ‘अनर्जित रजा’ असा रकाना असतो. सरकारात याचा अर्थ खात्यावर शिल्लक नसताना, पुढे मिळणाऱ्या रजेच्या भरवशावर दिलेली रजा. आपल्याकडे तशी सोय नसेल तर तो रकाना काढून टाकावा. अर्जित आणि अनर्जित यांत एका अक्षराचा फरक आहे आणि बारीक टाइपात घाईने खूण करणारा माणूस हमखास चुकतो.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. तो ज्यांना लागू आहे त्यांच्या कामगाराला वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा पगारासह मिळते आणि न वापरलेली रजा वर्षअखेर संपते. त्याशिवाय ज्याने वर्षात २४० दिवस किंवा अधिक काम केले, त्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा मिळते. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. या दुसऱ्या रजेला मराठीत काय म्हणावे यावर आमच्या टेबलाशी बराच वेळ जातो. ‘पगारी रजा’ म्हटले तर पंचाईत, कारण नैमित्तिक रजाही पगारीच आहे. ‘हक्काची रजा’ म्हटले तर अर्जदाराला वाटते, ही कोणी नाकारू शकत नाही, मग ‘मंजूर / नामंजूर’ या ओळीला अर्थच उरत नाही. आमच्या मते ‘अर्जित रजा’ हाच शब्द ठेवावा. शब्द जड वाटत असेल तर खाली बारीक टाइपात ‘मागील वर्षीच्या कामावर मिळालेली’ असे छापावे. तेवढ्या चार शब्दांना जागा नक्की मिळते.

पहिल्या रजेला कोणी नैमित्तिक म्हणते, कोणी किरकोळ. दोन्ही रूढ आहेत. मात्र हजेरीपत्रकात ‘किरकोळ’ असेल तर अर्जावरही ‘किरकोळ’च हवे. एकाच कार्यालयात एका रजेची दोन नावे झाली की नवा कारकून त्या दोन वेगळ्या रजा समजतो.

एक चूक आम्ही स्वतः पाहिली आहे. एका कार्यालयाच्या अर्जात इंग्रजी ओळ अर्ध्या दिवसाच्या रजेची होती आणि तिच्याखाली मराठीत ‘अर्धवेतनी रजा’ छापलेले होते. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी माणूस दुपारी घरी गेला, आणि मराठी वाचणाऱ्याच्या लेखी तो दिवसभर गैरहजर होता व त्याला निम्मा पगार द्यायचा होता. अर्धा दिवस ही वेळेची गोष्ट आहे, अर्धवेतन ही पगाराची. तिथे ‘अर्ध्या दिवसाची रजा’ एवढे साधे छापावे आणि पुढे दोन चौकोन द्यावेत : ‘जेवणाच्या सुट्टीआधी’, ‘जेवणाच्या सुट्टीनंतर’. सरकारी पत्रांतले ‘मध्यान्हपूर्व’ आणि ‘मध्यान्होत्तर’ हे शब्द चुकीचे नाहीत, पण कारखान्याच्या फाटकावर पास भरणाऱ्याला ते अडखळवतात.

रविवारी काम केल्याबद्दल दुसरा दिवस देतात, त्याला ‘बदली रजा’ छापू नये. बदली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या गावी झालेली बदली येते, किंवा गिरणीतला बदली कामगार. ‘भरपाई सुट्टी’ म्हणावे. आणि पगार कापला जाणाऱ्या रजेला खाजगी अर्जात सरळ ‘बिनपगारी रजा’ म्हणावे. ‘असाधारण’ वाचून कोणालाही पगार कापला जाणार आहे हे समजत नाही.

आता तारखा. इथे आम्ही जरा आग्रह धरतो, कारण सगळ्यात जास्त तंटे याच दोन ओळींतून निघतात : ‘दिनांक ____ पासून दिनांक ____ पर्यंत’. मराठीतला ‘पर्यंत’ दोन्ही बाजूंनी वाचता येतो. ‘ती सोमवारपर्यंत रजेवर आहे’ म्हणजे सोमवारीही नाही. ‘मी सोमवारपर्यंत येतो’ म्हणजे सोमवारी कामावर. अर्ज भरणारा दुसऱ्या अर्थाने लिहितो आणि मंजूर करणारा पहिल्या अर्थाने वाचतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. वर्ष २०२६. १ मे शुक्रवारी आहे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे असे धरू. एका बाईंना शनिवार, २ मेपासून पुढचा शनिवार, ९ मेपर्यंत गावी राहायचे आहे आणि सोमवारी, ११ मेला कामावर यायचे आहे. ‘पासून–पर्यंत’ वाल्या अर्जात त्या काय लिहितील? कामावर नसणार म्हणून १ ते १० लिहिले तर १० दिवस होतात. ११ ला येणार म्हणून ‘११ पर्यंत’ लिहिले तर ११ दिवस. खरी रजा २ ते ९, म्हणजे ८ दिवस. त्यातही मध्ये ३ मेचा रविवार आहे. राज्य शासनाच्या अर्जित रजेत मधली सुट्टी रजेतच मोजतात, म्हणून तिथे ८. कारखान्यांना लागू असलेल्या तरतुदींत भरपगारी रजेच्या दिवसांत सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून तिथे ७. एकच प्रवास, आणि खात्यातून जाणारे दिवस ७, ८, १० किंवा ११.

म्हणून आम्ही अर्जात ‘पर्यंत’ छापतच नाही. त्याऐवजी या ओळी सुचवतो, आणि कंसात वरचे उदाहरण भरून दाखवतो :

रजेचा पहिला दिवस (शनिवार, २ मे २०२६)
रजेचा शेवटचा दिवस (शनिवार, ९ मे २०२६)
रजेच्या आधी जोडून आलेली सुट्टी (शुक्रवार, १ मे)
रजेच्या मध्ये आलेली सुट्टी (रविवार, ३ मे)
रजेनंतर जोडून आलेली सुट्टी (रविवार, १० मे)
कामावर हजर होण्याची तारीख (सोमवार, ११ मे २०२६)
खात्यातून वजा होणारे दिवस (कार्यालयाने भरावे)

शेवटची ओळ अर्जदाराने भरू नये, कारण मधला रविवार मोजायचा की नाही हे आपल्या नियमावर अवलंबून आहे. जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या ओळी कंटाळवाण्या वाटतात म्हणून काही जण कापायला सांगतात, पण दहा दिवसांची अनुपस्थिती आणि आठ दिवसांची रजा यांचा मेळ त्याच ओळी घालतात. या ओळींबाबत एकदा आमच्याकडे आलेल्या मजकुरात चक्क ‘उपसर्ग’ आणि ‘प्रत्यय’ असे होते. इंग्रजीत अशा जोडून आलेल्या सुट्ट्यांना ‘प्रिफिक्स’ आणि ‘सफिक्स’ म्हणतात, तेच शब्द व्याकरणालाही वापरतात आणि भाषांतर करणाऱ्याने व्याकरणातले उचलले होते.

‘रुजू’ या शब्दालाही सांभाळा. अर्जाच्या डोक्यावर ‘रुजू दिनांक’ असेल तर ती नोकरी लागल्याची तारीख असते. खाली रजेनंतरही तोच शब्द आला तर लोक दोन्हीकडे एकच तारीख लिहितात. वर ‘नोकरीत रुजू झाल्याची तारीख’ आणि खाली ‘कामावर हजर होण्याची तारीख’ असे पूर्ण छापले की प्रश्न मिटतो.

तारखेच्या चौकोनांवर ‘दिवस’ असा शब्द नको, तो ‘एकूण दिवस’शी गोंधळतो. ‘तारीख – महिना – वर्ष’ हा क्रम ठेवा आणि शेजारी ‘वार’ लिहायला जागा द्या. वाराचे कारण असे : दोन भाषांच्या अर्जात कोणी मराठी अंक लिहितो, कोणी इंग्रजी. हाताने लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. १ मे आणि ९ मे यांत अख्खा आठवडा जातो. शेजारी ‘शुक्रवार’ असेल तर १ मे, ‘शनिवार’ असेल तर ९ मे, वाचणाऱ्याला विचारायला जावे लागत नाही. महिना अक्षरांत लिहायला सांगितले तर आणखी बरे, पण ‘जु.’ असा संक्षेप छापू नका. तो जून की जुलै हे कोणाला सांगता येत नाही.

मजकूर जुन्या फाँटात टाइप केलेला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलताना रफार घसरतो. ‘अर्जित’ आणि ‘अर्धा’ हे शब्द प्रूफात आवर्जून पाहा.

ऑर्डर देताना आपले नियमपत्रक आणि हजेरीपत्रकाचे कोरे पान सोबत आणावे. प्रूफ मिळाल्यावर ते आपल्याकडच्या दोन माणसांना भरायला द्यावे, एक जण मराठीतून आणि एक जण इंग्रजीतून, आणि दोघांना वरचाच २ मे ते ९ मेचा प्रवास सांगावा. दोन्ही अर्जांत सगळ्या तारखा सारख्या आल्या की सही करून प्रूफ परत पाठवावे. फरक आला तर ज्या ओळीत आला तिच्यावर खूण करून आणावे, ती ओळ आम्ही बदलून देऊ.