पावती मोडण्याआधी वाचा: उणे व्याजदर आणि आपली मुदत ठेव

‘बँका आता आपल्याच पैशावर व्याज कापणार’ असा संदेश मोबाइलवर फिरला की आमच्या लातूरच्या कार्यालयात पावत्या मोडून मागणाऱ्यांची रांग लागते. सोयाबीनचा पैसा ठेवलेले शेतकरी येतात, निवृत्त गुरुजी येतात. ज्यांची मुलं जर्मनीत किंवा जपानमध्ये नोकरीला आहेत ते तर हमखास येतात, कारण मुलांनी तिकडे हा प्रकार खरोखर पाहिलेला असतो.

बातमी खोटी नव्हती, पण ती कोणाच्या खात्याची होती हे समजून घ्या. आपलं खातं जसं बँकेत असतं, तसं प्रत्येक बँकेचं खातं त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत असतं. त्यातल्या शिलकीला राखीव निधी म्हणतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये या शिलकीवर व्याज देण्याऐवजी ०.१० टक्के आकार लावला, यालाच उणे व्याजदर म्हणतात, आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत तो ०.५० टक्क्यांवर नेला. महागाई फारच कमी होती. बँकांनी पैसा पडून न ठेवता कर्ज द्यावं, रोखे घ्यावेत, म्हणजे बाजारातले व्याजदर खाली येतील, असा हेतू होता.

‘मग बँकांनी तो पैसा वाटून टाकायचा ना!’ असं बरेच जण म्हणतात. एका बँकेने कर्ज दिलं, कर्जदाराने त्यातून ट्रॅक्टर घेतला, तर पैसा ट्रॅक्टरवाल्याच्या बँकेत जातो आणि तेवढा राखीव निधी त्या बँकेच्या खात्यात चढतो. एकीचा भार दुसरीवर गेला, एकूण निधी तेवढाच राहिला. बँकांना तो स्वतःहून कमी करायचा तर मुख्य वाट एकच, नोटा काढून तिजोरीत ठेवणं. त्याला जागा, पहारा, विमा असा खर्च येतो. स्वित्झर्लंडने तर ही वाटही अरुंद केली: बँकेने नोटांचा साठा वाढवला की तिची आकारातून सुटणारी रक्कम तेवढी कमी व्हायची.

भार किती पडायचा ते पाहा. समजा युरोपातल्या एका बँकेकडे १०० कोटी युरोच्या ठेवी आहेत. तिला त्याच्या १ टक्का, म्हणजे १ कोटी, सक्तीचा राखीव निधी ठेवावाच लागतो. त्यावर आकार नव्हता. तिच्या खात्यात प्रत्यक्षात १५ कोटी आहेत. उरलेल्या १४ कोटींवर ०.५० टक्क्याने वर्षाला ७ लाख युरो गेले असते. ऑक्टोबर २०१९ अखेर सक्तीच्या निधीच्या सहापट रक्कम, इथे ६ कोटी, आकारातून सोडली गेली. राहिले ८ कोटी, म्हणजे ४ लाख युरो.

ही सूट का द्यावी लागली? कारण हा भार बँकांना सामान्य ठेवीदारावर सहज टाकता येत नव्हता. व्याज शून्याखाली नेलं तर माणूस नोटा काढून घरी ठेवतो. जर्मनीत आकार लागला तो बहुतेक मोठ्या शिलकींवर, अनेक ठिकाणी १ लाख युरोच्या पुढच्या रकमेवर. जुलै २०२२ मध्ये युरोपने आणि मार्च २०२४ मध्ये जपानने हे धोरण सोडलं.

भारतात असा दर कधी लागू झालेला नाही. बँकांना ठेवींचा जो हिस्सा सक्तीने रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो, त्या सीआरआरवर रिझर्व्ह बँक व्याज देत नाही, म्हणून काही जण त्यालाच उणे दर समजतात. पण तो शून्य आहे, त्यात कापाकापी नाही. त्यावरची जादा रक्कम बँकांना स्थायी ठेव सुविधेत व्याजाने ठेवता येते.

नुकसान होतं ते घाईत. समजा ५ लाखांची तीन वर्षांची पावती ७ टक्क्यांची आहे आणि ती वर्षाने मोडली. बँक ७ टक्के देत नाही. एका वर्षाच्या ठेवीचा त्या वेळचा दर, समजा ६.५, धरते आणि त्यातून दंडाचा १ टक्का वजा करते. ढोबळ हिशेबाने ३५,००० ऐवजी २७,५०० हातात येतात. पुढची दोन वर्षं तो ७ टक्क्यांचा दर मिळेलच असंही नाही.

म्हणून आम्ही मोडणीचा अर्ज आल्या दिवशीच पुढे पाठवत नाही, एक दिवस थांबवतो. काहींना राग येतो, पण या एका दिवसात बरेच जण अर्ज परत घेतात. खरोखर पैशाची नड असेल तर त्याच पावतीवर कर्ज मिळतं, साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीने, आणि पावती चालू राहते. दोन-तीन महिन्यांची गरज असेल तर बहुधा तेच स्वस्त पडतं. दोन्हींचा हिशेब आम्ही कागदावर मांडून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना मूळ पावती आणि पॅन कार्ड आणा, आणि पैसा किती दिवसांसाठी हवा आहे ते ठरवून या.