शनिवार-रविवारच्या बिलाला दर का येत नाही, आणि आता तो कसा येतो

परदेशी ग्राहकांना डॉलरमध्ये बिल लावणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी

महिनाअखेर शनिवारी किंवा रविवारी आली की आमचा फोन सोमवारी सकाळपासून वाजायला लागतो. २०२५ मध्ये असं तीनदा झालं: ३१ मे शनिवार, ३१ ऑगस्ट रविवार, ३० नोव्हेंबर रविवार. प्रत्येक वेळी तक्रार एकच. "शीट बिघडलंय, दराचा रकाना रिकामा येतोय." शीट बिघडलेलं नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर दरांच्या तक्त्यात नव्हतं, म्हणून ते गप्प बसलं होतं.

आपण वहीखात्यासाठी डॉलरचा जो संदर्भ दर वापरतो, तो एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. जुलै २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. दर निघतो तो बँकांच्या त्या दिवशीच्या व्यवहारांवरून, आणि साधारण दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो. बँकांचा परकीय चलनाचा बाजार शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद. व्यवहारच नाहीत तर दर कुठून येणार? म्हणून तक्त्यात त्या तारखेची ओळच नसते. असली आणि रिकामी असली, तर निदान दिसली तरी असती.

आमच्या जुन्या शीटमध्ये सूत्र असं होतं; `B2` म्हणजे बिलाची तारीख, `Rates` म्हणजे दरतक्त्याचं पान:

```
=IFERROR(VLOOKUP(B2,Rates!$A:$B,2,FALSE),"")
```

शेवटच्या `FALSE` चा अर्थ "हीच तारीख हवी, दुसरी चालणार नाही". ती नसेल तर एक्सेल `#N/A` म्हणतं आणि बाहेरचं `IFERROR` त्यावर पांघरूण घालतं. हे पांघरूण आम्हीच घातलं होतं, छपाई स्वच्छ दिसावी म्हणून. चूक आमची, मान्य आहे. कारण रिकाम्या दराचं बिल रुपयांच्या बेरजेत मिळत नाही, पण बेरीज तर येते. ती कमी आहे हे कुणाला कळत नाही. एका ग्राहकाचं महिन्याचं शेवटचं बिल असंच बेरजेतून गळलं होतं आणि ते तिमाही हिशोबात, बँकेच्या पासबुकाशी ताळा करताना सापडलं.

नवीन शीटमध्ये सूत्र हे आहे:

```
=VLOOKUP(B2,Rates!$A:$B,2,TRUE)
```

`TRUE` म्हणजे "ही तारीख नसेल तर तिच्या आधीची सगळ्यांत जवळची घे". शनिवारी शुक्रवारचा दर येतो, रविवारीही शुक्रवारचाच. अंदाजे जुळणी असं नाव ऐकून काहीजण बिचकतात. यात दर अंदाजे नसतो. तो जाहीर झालेला दरच असतो, सवलत फक्त तारखेला आहे.

एक उदाहरण बघू. गेल्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, त्यामुळे लागोपाठ तीन दिवस दर नव्हता. खालचे दर नमुन्याचे आहेत, तारखा खऱ्या.

```
11/08/2025   87.50
12/08/2025   87.70
13/08/2025   87.45
14/08/2025   87.60
18/08/2025   87.35
```

शनिवार १६ ऑगस्टचं १२,५०० डॉलरचं बिल. जुन्या सूत्राने रिकामं. नव्या सूत्राने १४ तारखेचा, गुरुवारचा ८७.६० दर, आणि बिल १०,९५,००० रुपये. कुणी काही टाइप केलं नाही.

"सोमवारचाच दर का नाही घेत?" असं विचारणारे दर महिन्याला एक-दोघं असतात. शनिवारी बिल करताना सोमवारचा दर कुणालाच ठाऊक नसतो, शुक्रवारचा असतो. म्हणून आम्ही मागचा घेतो. पुढचा घेण्याला व्यवहारात काही आधार सापडेलही, पण एका बिलाला मागचा आणि दुसऱ्याला पुढचा, जो फायद्याचा तो, असं केलं की लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. काही ठिकाणी दरतक्त्यातच शनिवार-रविवारच्या ओळी घालून शुक्रवारचा आकडा उतरवतात. चालतं ते, पण मग आपला तक्ता जाहीर दरांच्या यादीशी ओळीला ओळ जुळत नाही आणि हाताने भरलेली ओळ कुठली, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. आम्ही तक्ता जसा जाहीर होतो तसाच ठेवतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्रक लिहिलं, ती.

`TRUE` वालं सूत्र एका अटीवर चालतं: `Rates` मधल्या तारखा जुन्याकडून नव्याकडे, चढत्या क्रमाने असल्या पाहिजेत. एक्सेल ही यादी वरून खाली वाचत नाही. ते मधोमध उघडतं, तिथली तारीख बघतं, आपली तारीख पुढची असेल तर वरचा अर्धा भाग सोडून देतं आणि उरलेल्याच्या पुन्हा मधोमध जातं. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत नाव शोधायचो तसं. क्रम बिघडला की ते चुकीच्या अर्ध्यात जातं आणि जे हाताला लागेल ते घेऊन येतं. तक्रार करत नाही.

क्रम कसा बिघडतो? नवीन दर डोळ्यासमोर राहावा म्हणून तुम्ही तो सगळ्यांत वर घालता. वरच्या तक्त्यात १८ तारखेची ओळ खाली न लिहिता वर घातली असं समजा:

```
18/08/2025   87.35
11/08/2025   87.50
12/08/2025   87.70
13/08/2025   87.45
14/08/2025   87.60
```

सोमवार १८ ऑगस्टचं २०,००० डॉलरचं बिल. एक्सेल मधोमध जातं, तिथे १२ तारीख. १८ तिच्या पुढची, म्हणून खालच्या भागात. तिथे १३, मग १४, आणि यादी संपली. उत्तर: ८७.६०. खरा दर ८७.३५, तो सगळ्यांत वर आहे, पण तिकडे कुणी बघितलंच नाही. बिल १७,४७,००० व्हायला हवं होतं, झालं १७,५२,०००. पाच हजारांचा फरक, आणि पडद्यावर एकही लाल अक्षर नाही. मंगळवार-बुधवारच्या ओळीही वरच चढवत गेलात तर पुढची बिलंही १४ तारखेच्याच दराने होत राहतात. गंमत म्हणजे शनिवार १६ चं बिल या विस्कटलेल्या तक्त्यातही बरोबर येतं, त्यामुळे "आम्ही तपासून बघितलं, ठीक आहे" असं तुम्ही अगदी प्रामाणिकपणे सांगता. अशा एका शीटचे तीन महिने मागे जाऊन दुरुस्त करायला आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला दोन दिवस लागले.

म्हणून नवीन दर नेहमी यादीच्या तळाशी. आधीच वर घातले असतील तर `Rates` मध्ये तारखेच्या रकान्यावर उभं राहून `Sort Oldest to Newest` करा, दोन्ही रकाने एकत्र हलतील याची खात्री करून.

ज्यांच्याकडे एक्सेल २०२१, ३६५ किंवा गूगल शीट्स आहे त्यांना या अटीतून सुटका आहे:

```
=XLOOKUP(B2,Rates!$A:$A,Rates!$B:$B,"दर नाही",-1)
```

शेवटचा `-1` म्हणजे नेमकी तारीख नसेल तर आधीची. हे सूत्र क्रम कसाही असला तरी बरोबर उत्तर देतं. मग सगळ्यांना हेच का दिलं नाही? आमच्या जवळजवळ निम्म्या ग्राहकांकडे अजून २०१६ किंवा २०१९ आहे, आणि तिथे हे सूत्र चालत नाही. फक्त शीटसाठी नवीन एक्सेल घ्या असं सांगणं आम्हाला पटत नाही.

दर किती शिळा आहे हे दाखवणारा एक रकाना आम्ही नवीन शीटमध्ये जोडला आहे:

```
=B2-VLOOKUP(B2,Rates!$A:$A,1,TRUE)
```

बिलाची तारीख आणि वापरलेल्या दराची तारीख यांत किती दिवसांचं अंतर, एवढंच हे सांगतं. आकड्याऐवजी तारीख दिसली तर रकान्याचं फॉरमॅट `Number` करा. कामाच्या दिवशी शून्य, शनिवारी एक, रविवारी दोन. तीनच्या वर गेलं की खण लाल होतो. वरच्या बिघडलेल्या उदाहरणात सोमवारी इथे चार आलं असतं आणि गोष्ट तिथेच पकडली गेली असती. लाल म्हणजे चूकच असं नाही. गुरुवार-शुक्रवार सुट्ट्या आल्या तर रविवारी खरोखरच चार येतो. पण बहुतेक वेळा अर्थ इतकाच असतो की तक्ता भरायचा राहिलाय. `TRUE` चा हाच तोटा: दर भरणं महिनाभर विसरलात तरी ते महिनापूर्वीचा दर हसतमुखाने देत राहतं.

त्यातलाच एक प्रकार सकाळच्या बिलाचा. सोमवारी अकराला बिल केलंत, तेव्हा सोमवारचा दर आलेला नसतो, म्हणून शुक्रवारचा लागतो. दुपारी तुम्ही तक्त्यात सोमवारचा दर भरलात की त्याच बिलाचा आकडा आपोआप बदलतो. छापलेली प्रत एक सांगते, शीट दुसरं. कामाच्या दिवसाचं बिल दुपारी दोननंतर छापा, किंवा छापल्यावर दराचा खण `Paste Values` ने पक्का करा.

दुसरी खोडी तारखांची. वेबसाइटवरून चिकटवलेली तारीख कधी कधी तारीख नसते, नुसता मजकूर असतो. खणात ती डावीकडे चिकटलेली दिसते; खरी तारीख उजवीकडे जाते. मजकुराची ओळ सूत्राच्या लेखी नसल्यासारखीच, म्हणून ते तिच्या आधीचा दर उचलतं. शंका आली तर `=ISNUMBER(Rates!A6)` करून बघा, `FALSE` आलं तर तारीख पुन्हा टाइप करा.

हे शीट सेवा निर्यात करणाऱ्यांसाठी आहे. माल पाठवणाऱ्यांना जीएसटीच्या नियम ३४ प्रमाणे सीमाशुल्क खात्याचा अधिसूचित दर लागतो, तो रोज बदलत नाही, आणि त्याचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो. तिथेही सूत्र हेच चालतं, कारण प्रत्येक दर पुढचा येईपर्यंत लागू असतो. तो तक्ता हवा असेल तर सांगा, बनवून देतो. आणि बँक जो दर देऊन पैसे जमा करते तो या दोन्हींहून निराळा. फरक विनिमय फरकाच्या खात्यात जातो, बिलाचा दर मागाहून बदलायचा नाही.

वार्षिक देखभाल असलेल्यांचं शीट आम्ही या महिन्यात स्वतःहून बदलून देत आहोत आणि एप्रिलपासूनची बिलं एकदा नव्या सूत्रातून फिरवून देऊ. दर सोमवारी-गुरुवारी तक्ता भरून देण्याचं कामही आम्ही घेतो. देखभाल नसलेल्यांना फक्त सूत्र बदलायचं असेल तर पैसे नाहीत, फाइल पाठवा. पाठवताना `Rates` हे पान काढून टाकू नका. दर गोपनीय नसतात, आणि दहापैकी आठ वेळा बिघाड त्याच पानावर असतो.