‘सोडा की सगळ्यांना’ म्हणण्याआधी : क्रॅशची दुरुस्ती आम्ही टप्प्याटप्प्याने का पाठवतो

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अॅप बंद पडलं की पहिला फोन आम्हाला येतो, आणि तो यायलाच हवा. दुरुस्ती तयार झाली की दुसरा फोन येतो : “झालं न्हवं दुरुस्त? मग फक्त वीस टक्क्यांनाच का? सोडा की सगळ्यांना!” हा दुसरा फोन आठवड्यातून एकदा तरी होतो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो आहोत. प्ले स्टोअरवर आवृत्त्या जिथून सोडतात, ते तुमच्या अॅपचं प्ले कन्सोलचं खातं आम्ही तुमच्याच नावावर काढून देतो. म्हणजे नवी आवृत्ती किती टक्के वापरणाऱ्यांना द्यायची, ते वाढवायचं बटण तुमच्याही हातात असतं, आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो.

लक्ष्मीपुरीतल्या एका घाऊक व्यापाऱ्यांचं उदाहरण त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्यांचं ऑर्डर घेण्याचं अॅप साधारण ६०० किराणा दुकानदार वापरतात, आणि त्यांचे १८ सेल्समन त्याच अॅपवरून ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर बिल काढतात. सेल्समनची तक्रार होती की प्रत्येक दुकानात प्रिंटर नव्याने जोडावा लागतो. म्हणून ४१ क्रमांकाच्या आवृत्तीत आम्ही सोय केली : अॅप उघडताच प्रिंटर आपोआप जोडला जाईल. गुरुवारी दुपारी ही आवृत्ती २० टक्क्यांना सोडली. संध्याकाळी मालकांनी आपल्या पोरांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, झकास चालतंय. मालकांनी कन्सोल उघडला आणि २० चे १०० करून टाकले.

शुक्रवारी सकाळी दुकानदारांचे फोन सुरू झाले. अॅप उघडलं की लगेच बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

कारण असं होतं. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ उपकरणाशी जोडायला वेगळी परवानगी लागते, आणि ती वापरणाऱ्याने स्वतः द्यावी लागते. सेल्समन रोज बिलं छापतात, त्यामुळे त्यांनी ती केव्हाच दिली होती. आमच्या ऑफिसातल्या चाचणीच्या मोबाईलवरही ती दिलेली होती. दुकानदारांनी मात्र कधी काही छापलंच नव्हतं, त्यांच्याकडे परवानगी नव्हती. आमचा नवा कोड परवानगी आहे का हे न पाहताच जोडलेले प्रिंटर शोधायला जायचा, अँड्रॉइड `SecurityException`, म्हणजे ‘परवानगी नाही’ अशी चूक द्यायचं आणि अॅप मरायचं. ज्यांच्यासाठी सोय केली त्यांना काहीच झालं नाही. ज्यांना ती नकोच होती, ते अडकले.

परवानगी न तपासणं ही चूक सरळसरळ आमची, त्याबद्दल वाद नाही. पण ‘माझ्या माणसांच्या मोबाईलवर चालतंय’ या भरवशावर १०० टक्के केल्यामुळे ही गडबड १२० जणांपुरती न राहता ६०० जणांपर्यंत गेली. तुमची माणसं अॅप तुमच्यासारखीच वापरतात. त्यांचे मोबाईल सारखे, सवयी सारख्या, परवानग्याही सारख्याच दिलेल्या. प्ले स्टोअर २० टक्के माणसं निवडतं ती आंधळेपणाने. त्यात निपाणीचा जुना मोबाईल येतो, गडहिंग्लजचा नवा येतो, आणि ज्याने आयुष्यात प्रिंटर पाहिला नाही असा दुकानदारही येतो. आम्हाला नेमकी तीच भेसळ हवी असते.

टक्केवारी किती ठेवायची, यावरही वाद होतात. मोठ्या कंपन्या एक टक्क्यापासून सुरू करतात म्हणून आम्हीही करावं, असं काही जण सुचवतात. त्यांचा एक टक्का म्हणजे लाखो माणसं. ६०० वापरकर्त्यांत ५ टक्के म्हणजे ३० जण. एखादा क्रॅश शंभरातल्या दोघांना होत असेल, तर त्या ३० जणांत एकही न सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. मग तुम्ही म्हणणार सगळं ठीक आहे, आणि आम्हीही फसणार. १२० जण असतील तर तोच क्रॅश दहातल्या नऊ वेळा दिसतो. म्हणून हजाराच्या आतल्या अॅपसाठी आम्ही २० टक्क्यांपासूनच सुरू करतो.

यातही २० टक्के म्हणजे २० टक्क्यांनी उघडलं, असं नसतं. मोबाईल सहसा वाय-फायवर आणि चार्जिंगला असताना अॅप आपोआप अपडेट करतो, आणि आपले निम्मे दुकानदार मोबाईल डेटावरच असतात. शिवाय क्रॅशची नोंद आमच्याकडे बहुधा पुढच्या वेळी अॅप उघडल्यावर येते. दुकानदार आठवड्यातून दोनदाच ऑर्डर देत असेल, तर बुधवारी पडलेलं अॅप आम्हाला शनिवारी कळतं. तेव्हा ‘कालपासून तक्रार नाही’ याला फारसा अर्थ नाही. नवी आवृत्ती किती जणांनी निदान दोनदा उघडली, हा आकडा आम्ही पाहतो.

आता शुक्रवारी काय केलं ते.

त्या सोयीवर आम्ही फीचर फ्लॅग ठेवला होता. तो म्हणजे सर्व्हरवरचा एक खटका. तो बंद केला की अॅपमधला तेवढा भाग चालत नाही, आणि त्यासाठी नवी आवृत्ती पाठवावी लागत नाही. साडेदहा वाजता खटका बंद केला, पण फोन थांबेनात. अॅप उघडल्यावर खटक्याची स्थिती सर्व्हरवरून यायला एक-दोन सेकंद लागतात, आणि हे अॅप त्याआधीच मरत होतं. वर अॅपच्या आत त्याची मूळ स्थिती आम्ही ‘चालू’ ठेवली होती. म्हणजे पाण्याचा कॉक बंद केला, पण पाइप फुटला होता कॉकच्या अलीकडे.

तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत. नव्या कामाचा फ्लॅग अॅपच्या आत नेहमी ‘बंद’ असतो, सर्व्हरने सांगितलं तरच उघडतो. आणि मागच्या वेळी अॅप क्रॅश झालं असेल, तर पुढच्या वेळी ते आधी खटक्याची स्थिती आणतं, त्यासाठी पाच सेकंदांपर्यंत थांबतं, मगच बाकीचं सुरू करतं. मागच्या वेळी क्रॅश झालं होतं का, हे क्रॅशची नोंद ठेवणाऱ्या क्रॅशलिटिक्सच्या `didCrashOnPreviousExecution()` वरून कळतं. कधी अॅप उघडायला उशीर लागला तर कारण हे असू शकतं.

दुपारी ४२ पाठवली. प्ले स्टोअरवर मागे जाता येत नाही. ४० ची आवृत्ती चांगली होती म्हणून तीच पुन्हा देता येत नाही, क्रमांक वाढवावाच लागतो. ज्यांच्याकडे ४१ पोचली, त्यांच्यावरची ती काढूनही घेता येत नाही. म्हणूनच टप्पा सुरू असताना `Halt rollout` दाबलेलं चांगलं. ते पुढचा पसारा थांबवतं, झालेलं मात्र परत फिरवत नाही. ४२ मध्ये बदल एवढाच होता :

```kotlin
val on = Firebase.remoteConfig.getBoolean("printer_auto_v2")
if (on && hasBluetoothPermission()) connectPrinter()
```

त्याच दिवशी मालकांची आणखी दोन कामं तयार होती, ‘जाताजाता तीही घाला’ म्हणाले. घातली नाहीत. आगीच्या बंबात पाहुणे बसवत नाहीत.

वरच्या कोडमधलं फ्लॅगचं नाव, `printer_auto_v2`, नवं आहे. जुना `printer_auto` आम्ही कायमचा बंद ठेवला. तो पुन्हा चालू केला असता, तर ज्यांनी अजून अपडेट घेतलं नाही त्यांच्या ४१ मध्ये तोच मोडका कोड जागा झाला असता. नवं नाव ४१ ला माहीतच नाही.

४२ सुद्धा आधी २० टक्क्यांनाच. इथे मालकांचा पारा चढला, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे : अॅप बंदच आहे, आणखी काय बिघडणार? पण जुन्या अँड्रॉइडच्या मोबाईलवर ४१ नीट चालत होती. घाईच्या दुरुस्तीने त्यांचीही ऑर्डर बंद पडली असती, तर एकही दुकान उरलं नसतं. फक्त अशा वेळी आम्ही दिवसच्या दिवस घालवत नाही. शनिवारी सकाळी ७४ जणांनी ४२ उघडली होती. त्यांत अँड्रॉइड १२ च्या पुढचे मोबाईल भरपूर होते आणि प्रिंटरचा क्रॅश एकही नव्हता. दहा वाजता १०० टक्के केले. या सगळ्या वेळात फ्लॅग बंदच होता. तो पुढच्या आठवड्यात १० टक्क्यांना, मग निम्म्यांना, मग सगळ्यांना उघडला. आवृत्ती आणि फ्लॅग एकाच दिवशी हलवले तर बिघाड कशाने झाला हे शोधण्यातच दिवस जातो.

त्या शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली. एका सेल्समनने अॅप बसवायची एपीके फाइल कुठून तरी मिळवून व्हॉट्सअॅपवर फिरवली. तिची डिजिटल सही प्ले स्टोअरवरच्या अॅपच्या सहीपेक्षा वेगळी होती, त्यामुळे ती बसेना. मग लोकांनी जुनं अॅपच काढून टाकलं. सर्व्हरवर न गेलेल्या ऑर्डरी त्याबरोबर गेल्या. कृपा करून अॅप काढायला कुणाला सांगू नका, आणि फाइल पुढे पाठवू नका. दुकानदाराला प्ले स्टोअरवर `Update` दिसत नसेल, तर तो अजून टप्प्यात आलेला नाही, एवढंच.

फ्लॅगने सगळंच वाचत नाही, हेही सांगायला हवं. मोबाईलमधल्या डेटाबेसची रचना बदलली की खटका बंद करून ती जुन्यासारखी होत नाही. असे बदल आम्ही स्वतंत्र आवृत्तीत, बाकी काही न घालता पाठवतो, आणि शुक्रवारी दुपारनंतर तर मुळीच नाही.

अॅप बंद पडल्याचा फोन करताना मोबाईलचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि कुठला पडदा उघडताना बंद पडलं, एवढं विचारून ठेवा. टप्पा सुरू असताना कन्सोलमध्ये `Update rollout` दाबण्याआधी आम्हाला एक फोन करा. ज्यांचा वार्षिक देखभाल करार आहे, त्यांच्याकडून क्रॅशची दुरुस्ती आणि टप्प्यांवर नजर ठेवण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. दुसरीकडून करून घेतलेल्या अॅपमध्ये फ्लॅग बसवून हवे असतील तर कोड पाहून दर सांगू. साध्या ऑर्डर अॅपला सहसा दोन-तीन दिवसांचं काम असतं.